मथळ्यातलं टिंब कुणी खाल्लं?

नमस्कार ताई,
आमच्या कॉलेजचा मराठी त्रैमासिक अंक निघतो. आम्ही आठ जण आहोत आणि सगळेच सगळं प्रूफ वाचतो. तरीही चौथ्या अंकात बेळगाव, बेळगांव, बेळगावी असं तिन्ही छापून आलं आणि त्यावरून मुलांत वाद झाला. त्याहून वाईट म्हणजे पान ७. मथळा आला, 'वक्तृत्वात खानापूरच्या विद्यार्थिनीचा डंका'. मुली दोन होत्या! वर्डच्या फाईलमध्ये आम्ही 'विद्यार्थिनींचा' असंच दिलं होतं. दुसरी मुलगी नंदगडची, तिच्या घरचे रागावलेत. एक सर म्हणतात, पीडीएफ गुपचूप बदला आणि पुढच्या अंकात 'नजरचुकीने' म्हणून एक ओळ टाका. कुणी म्हणतं, स्टाईलशीट करा. पण ती म्हणजे शुद्धलेखनाचे नियमच ना? अंकाची पीडीएफ आणि मूळ फाईल सोबत पाठवतोय.
— एक विद्यार्थी संपादक, खानापूर तालुका

प्रिय संपादक,

दोन्ही फाईली शेजारी-शेजारी उघडून वाचल्या. वर्डमध्ये टिंब आहे, पीडीएफमध्ये नाही. म्हणजे ते तुमच्या आठ जणांच्या नजरेतून सुटलं नाही, तुमचं वाचून झाल्यावर गेलं. कसं गेलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तुमचा मजकूर युनिकोडमध्ये टाईप केलेला आहे. मथळ्याला मात्र पानं लावणाऱ्याने तो जाड, वळणदार फाँट घेतलाय आणि तो जुन्या पद्धतीचा आहे. अशा फाँटात युनिकोडचा मजकूर चिकटवला की तो धड उमटत नाही. मग तो बिचारा काय करणार? तुमचा मथळा बघून हाताने पुन्हा टाईप करतो. मी खात्री करून घेतली. पीडीएफमधला मथळा कॉपी करून दुसऱ्या फाईलमध्ये चिकटवला, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. बातमीचा मजकूर चिकटवला, तर तो नीट मराठीत आला. तुम्हीही करून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मथळा खिचडी होऊन आला की समजायचं, ही ओळ बहुधा प्रूफ झाल्यावर कुणीतरी नव्याने टाईप केलेली आहे. अख्ख्या पानावर कुणीच न वाचलेली ओळ ती एकच, आणि टाईप तिचाच सगळ्यात मोठा.

टिंब जाण्याची आणखी एक वाट आहे. दोन ओळींचा मथळा जागेत बसत नाही म्हणून ओळी एकमेकींजवळ ओढतात, आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या अनुस्वारावर येऊन बसतो. फाईलमध्ये टिंब असतं, कागदावर दिसत नाही. इंग्रजीवाल्यांना हा त्रास कमी, आपल्या लिपीत वरही कारभार आणि खालीही. आणि मराठीत ते टिंब म्हणजे संख्या असते. 'विद्यार्थ्याचा' म्हणजे एक, 'विद्यार्थ्यांचा' म्हणजे अनेक. स्पेलचेकला दोन्ही शब्द बरोबर वाटतात, त्यामुळे तो काही बोलत नाही.

म्हणून मथळा तपासायचा तो छपाईला जाणाऱ्या शेवटच्या पीडीएफवर, पडद्यावर मोठा करून आणि जमलं तर कागदावर प्रिंट काढून. वर्डच्या फाईलवर तपासलेला मथळा न तपासल्यासारखाच. आणि हे काम एकाच माणसाकडे द्या. त्याने त्या दिवशी लेख वाचायचे नाहीत. फक्त मथळे, उपमथळे, फोटोंच्या ओळी, अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे. आठ जणांनी सगळं वाचायचं ही पद्धत बंद करा. आठ जण वाचतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या सातांनी बघितलं असेल. एकाने नावं, आकडे, तारखा बघाव्यात, दुसऱ्याने भाषा आणि एकसारखेपणा, तिसऱ्याने हे मोठ्या टायपातलं. बाकीच्यांनी चहा आणावा, किंवा पुढच्या अंकाचे लेख मिळवावेत.

आता तुमच्याच मथळ्याची परीक्षा घेऊ. माझी रीत साधी आहे. बातमीवर कोरा कागद झाकायचा, फक्त मथळा वाचायचा आणि खाली काय असेल असं वाटतं ते चिठ्ठीवर लिहायचं. मी लिहिलं, 'खानापूरच्या एका मुलीला वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस'. मग कागद काढायचा आणि मथळ्यातल्या एकेका शब्दाला बातमीतलं कोणतं वाक्य आधार देतं ते बोट ठेवून शोधायचं.

'वक्तृत्वात' या शब्दाला आधार सापडला नाही. बातमीत सगळीकडे 'वादविवाद' आहे. वक्तृत्वात माणूस एकटा उभा राहतो, तुमच्या बातमीतल्या वादविवादात दोघींचा संघ होता, एक विषयाच्या बाजूने आणि एक विरुद्ध. म्हणजे नुसता शब्द चुकला नाही, त्याच शब्दामुळे मुली दोन असण्याचं कारणही मथळ्यातून गेलं. 'खानापूरच्या' चालेल का? एक मुलगी खानापूर गावची, दुसरी नंदगडची. नंदगड खानापूर तालुक्यात आहे, त्यामुळे 'खानापूर तालुक्याच्या' म्हटलं असतं तर दोघी मावल्या असत्या. नुसत्या 'खानापूरच्या' मध्ये नंदगडची मुलगी दुसऱ्यांदा बाहेर राहिली. तिच्या घरच्यांचा राग निव्वळ टिंबावर नाही, एवढं लक्षात घे. आणि 'डंका'. बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय, संघाला दुसरा क्रमांक मिळाला. डंका, बाजी, झेंडा, मोहोर हे आपल्या मथळ्यांतले तयार शिक्के आहेत. ते वाचले की वाचक पहिला नंबर धरूनच चालतो. त्या पहिल्या आलेल्या संघाने तुमचा अंक बघितला तर त्यांना काय वाटेल?

मी दिला असता तो मथळा असा: 'वादविवाद स्पर्धेत आपल्या दोघी उपविजेत्या'. चमचमीत नाही, कबूल. पण 'दोघी' या शब्दाला टिंबाची गरजच नाही. मथळ्यात संख्या महत्त्वाची असेल तर ती अनुस्वाराच्या भरवशावर सोडू नये, शब्दात घालावी. 'दोघी', 'तिघे', 'पाच विद्यार्थी'. मग टाईप करणाऱ्याने काहीही खाल्लं तरी अर्थ शाबूत राहतो.

ओळ कुठे मोडते तेही बघा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे मथळा दोन ओळींत गेला की पहिली ओळ उलटंच बोलू शकते. 'वसतिगृहातील जेवण बंद' ही वरची ओळ आणि 'होणार नाही : प्राचार्य' ही खालची. फळ्यासमोरून जाता जाता मुलं वरची तेवढी वाचतात आणि संध्याकाळपर्यंत कॉलेजभर होतं. तिथे 'वसतिगृहातील जेवण / सुरूच राहणार' लिहावं, नकारच काढून टाकावा. आणि मथळा बदलला की अनुक्रमणिकेतलाही बदलायचा. तुमच्या अंकात पान ३ वर अजून जुनाच मथळा आहे.

आता स्टाईलशीट. शुद्धलेखनाच्या नियमांशी तिचं नातं आहे, पण ती म्हणजे ते नियम नव्हेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यात आणखी ४ आले. हे १८ नियम छापील मिळतात, ते फाईलला लावून ठेवा आणि पुन्हा लिहीत बसू नका. 'रहाणे' की 'राहणे', 'हळुहळु' की 'हळूहळू' याचं उत्तर तिथे आहे. स्टाईलशीटमध्ये जायचं ते दुसरंच. जिथे दोन्ही रूपं लोक वापरतात, किंवा नियम गप्प आहे, किंवा दर अंकाला तोच वाद पुन्हा होतो, तिथे आपण एकदा घेतलेला निर्णय. एक पान, फार तर पाठपोट. तीस-चाळीस नोंदींपुढे गेली की कुणी उघडून बघत नाही, हा अनुभव आहे.

ती कोऱ्या कागदावर सुरू करू नका. चौथा अंक घ्या, लाल पेन घ्या आणि एकच गोष्ट दोन प्रकारे छापली आहे अशा जागा गोल करा. मी दहा पानं केली, तेवीस गोल झाले. त्यातला सगळ्यात दाट झुपका पान ९ वर, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या लेखात. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, लेख चांगला झालाय. पण पहिल्या परिच्छेदात 'बेळगांव काँग्रेस', दुसऱ्यात 'बेळगावी अधिवेशन', फोटोखाली 'बेळगाव'. गंगाधरराव देशपांडे एका ठिकाणी 'गंगाधर राव' झालेत. वाचकाला वाटतं की लेख तीन जणांनी मिळून लिहिला आहे, किंवा तीन ठिकाणांहून उचलला आहे. एकसारखेपणा हवा तो ह्यासाठी. रूपं बदलली की वाचक मजकूर सोडून रूपांकडे बघायला लागतो.

या नोंदीचं काय करायचं? आपल्याकडे हा शब्द नुसता शब्द नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तो आधी कागदावर ठरवायचा, छपाईच्या आदल्या रात्री नाही. माझं मत सांगते. 'बेळगांव' मधला अनुस्वार उच्चारात येत नाही, आणि असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढले. 'नांव'चं 'नाव' झालं तसं 'गांव'चं 'गाव'. जुन्या पाट्यांवर तो दिसतो, पाटी तशीच राहू दे. 'बेळगावी' हे कन्नडमधलं रूप, १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच सरकारी नाव आहे. मराठी वाक्यात मराठी रूप, एवढाच माझा निकष. कन्नड मित्र कन्नडमध्ये लिहितो तेव्हा तो त्याचं रूप लिहितो, त्यात भांडण्यासारखं काही नाही. तर नोंद अशी होईल:

'बेळगाव. आपल्या मजकुरात सर्वत्र हेच. बेळगावात, बेळगावचा, बेळगावकर. बेळगांव, बेळगावी नको. अपवाद: (१) संस्थेचं नोंदलेलं नाव, तिच्या लेटरहेडवर असेल तसं. (२) टपालाचा पत्ता. (३) कुणाचं बोलणं अवतरणात असेल तर तो जे म्हणाला ते.'

नोंदीचे तीन भाग बघ. काय लिहायचं, काय लिहायचं नाही, आणि कुठे मोडायचं. तिसरा भाग नसेल तर स्टाईलशीट नुकसान करते. अपवाद लिहिलेले नव्हते म्हणून नोंदणीकृत संस्थेच्या नावातला अनुस्वार कुणीतरी उत्साहाने काढतो आणि त्यांचा फोन येतो. तुमच्या मंडळाने माझ्यापेक्षा वेगळा निर्णय घेतला तरी चालेल, पण तो लिहा, तारीख घाला आणि वर्षभर हलवू नका.

दुसरी नोंद खानापूरची, कारण तुम्ही 'खानापूरात' आणि 'खानापुरात' दोन्ही छापलंय. ग्रामनामाच्या शेवटचा 'पूर' दीर्घ, हा नियमच आहे. पण पुढे 'आ' जोडला जाऊन रूप बदललं की तो ऱ्हस्व होतो. खानापूर, खानापूरचा, खानापूरहून, पण खानापुरात. तसंच येळ्ळूर, येळ्ळूरचा, पण येळ्ळुरात. ही नोंद मी मुद्दाम सांगतेय, कारण यात माझा हात पोळलाय. डेस्कवर नवी असताना, एका पुरवणीत 'खानापुर', 'विजापुर' असं ऱ्हस्व पडलेलं दिसलं. वेळ नव्हता. मी `Ctrl+H` दाबून सगळीकडे 'पुर' च्या जागी 'पूर' घातलं आणि मोकळी झाले. सकाळी पुरवणीत 'पूरस्कार', 'पूरुष' आणि 'पूरावा' आले होते, आणि 'खानापूरात' तर जागोजागी. संपादकांनी पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेले. तेव्हापासून 'सगळे बदला' हे बटण माझ्यासाठी मेलं. एकेक ठिकाण बघत, शब्द वाचून बदलायचं.

शोधाशोध करताना आणखी एक खड्डा आहे, तो दिसतच नाही. 'दुसऱ्या' मधला तो चंद्रकोरीसारखा 'र' दोन प्रकारे टाईप होतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून, दुसऱ्यावर साध्या 'र' ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असू शकतात, आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एक शोधला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ' चंही तसंच. एक अखंड अक्षर म्हणून टाईप होतं, किंवा 'अ' वर चंद्र ठेवून. तुम्ही आठ जण आठ फोनांवरून लेख पाठवता, त्यामुळे तुमच्या फाईलमध्ये दोन्ही आहेत. ओळखायची खूण अशी. शब्द स्वतः टाईप करून `Ctrl+F` ने शोधा. डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द रंगला नाही, तर तोच मजकुरातून कॉपी करून शोधाच्या खिडकीत चिकटवा आणि पुन्हा शोधा. दोन्ही वेळच्या जागा मिळून तुमचं उत्तर.

केलं की केले, हे भागानुसार ठरवा. वृत्तांत आणि संपादकीय 'केले, झाले'त, ललित आणि मुलाखती 'केलं, झालं'त, असं पुष्कळ ठिकाणी करतात. काहीही करा, एका लेखात दोन्ही नकोत. बातमीत कुणाच्या तोंडचं वाक्य अवतरणात आलं तर ते बोलीतच राहील, ती सरमिसळ धरायची नाही. मी हे सदर 'केलं'त लिहिते, सापडला कुठे 'केले' तर कळव. आकडे देवनागरीत की इंग्रजी, हेही एकदा ठरवा आणि पानांच्या क्रमांकांनासुद्धा तेच लावा.

नावांची मात्र वेगळी वही हवी. आपल्या कॉलेजांत निम्मी नावं कन्नड वळणाची असतात आणि तुम्ही ती इंग्रजी हजेरीपटावरून देवनागरीत आणता. घोळ तिथे होतो. कन्नड नावं इंग्रजीत लिहिताना 'त' साठी टी-एच लिहायची पद्धत आहे. त्यामुळे हजेरीपटावरची कीर्ती तुमच्या अंकात 'कीर्थी' झाली आणि लता 'लथा'. जोडाक्षरंही गळतात. चन्नम्मा, रायण्णा, हुक्केरी यांतलं एक अक्षर खाल्लं की त्या घरच्यांना ते लगेच टोचतं. गावांच्या बाबतीत मराठीत रूढ झालेलं रूप घ्यायला हरकत नाही, 'चिकोडी' आपण कायम तसंच लिहीत आलोय. पण जिवंत माणसाचं नाव त्याच्या मर्जीनुसार. ज्याला देवनागरी येतं त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या, येत नसेल तर त्याला मोठ्याने म्हणायला सांगा. आद्याक्षराचा अर्थही विचारा. कन्नड पद्धतीत नावाआधीचं अक्षर गावाचं किंवा वडिलांचं असू शकतं, त्याला आडनाव समजून शेवटी नेऊ नका.

राहिली दुरुस्ती. तुमच्या सरांच्या सल्ल्यातला पहिला अर्धा भाग मला अजिबात पटत नाही. पीडीएफ आधीच व्हॉट्सॲपवर फिरलीय, छापील प्रती वाचनालयात आहेत. गुपचूप बदलली तर एकाच अंकाच्या दोन आवृत्त्या होतील, आणि दोन वर्षांनी त्या मुलीने प्रमाणपत्रासोबत तुमचं पान जोडलं तर खरं कोणतं हे कुणालाच सांगता येणार नाही. पीडीएफ बदलाच, पण पान ७ च्या तळाशी लिहा, 'या पानावरील मथळा अमुक तारखेला दुरुस्त केला', आणि काय दुरुस्त केलं तेही.

पुढच्या अंकाची वाट बघणंही चुकीचं. त्रैमासिकात तीन महिने म्हणजे वर्ष संपायला आलं. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत वर्तमानपत्रांना सांगितलंय की तथ्याची चूक कळली की आपणहून, लवकर, ठळक जागी दुरुस्ती द्यावी आणि गंभीर असेल तर खेद व्यक्त करावा. तुम्ही वर्तमानपत्र नाही, पण पद्धत चांगली आहे. आज एक छोटी चिठ्ठी छापा, उरलेल्या प्रतींत पान ७ ला चिकटवा, वाचनालयातल्या प्रतींना लावा, तुमच्या फळ्यावर लावा. पुढच्या अंकात तीच दुरुस्ती अनुक्रमणिकेच्या खाली येऊ द्या, आणि पुढेही दुरुस्त्यांची जागा कायम तीच ठेवा. म्हणजे शोधणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं.

शब्दांचं म्हणशील तर 'नजरचुकीने' आणि 'अनवधानाने' हे दोन शब्द टाका. मुद्राराक्षसालाही मध्ये आणू नका. तो बिचारा खिळ्यांच्या छपाईच्या दिवसांपासून सगळ्यांची पापं अंगावर घेतोय. पानं लावणाऱ्याकडेही बोट नको. त्याने टाईप केलं हे खरं, पण पान तुम्ही मंजूर केलं. मी लिहिला असता तो मजकूर असा:

'दुरुस्ती. अंक ४, पान ७ वरील स्पर्धेच्या बातमीचा मथळा चुकीचा होता. स्पर्धा वक्तृत्वाची नसून वादविवादाची होती. खानापूर आणि नंदगड येथील आपल्या दोन विद्यार्थिनींच्या संघाने तीत दुसरा क्रमांक मिळवला. मथळ्यात एकाच विद्यार्थिनीचा उल्लेख झाला आणि पहिल्या क्रमांकाचा समज होईल असा शब्द वापरला गेला. चूक संपादक मंडळाची आहे. दोघींची आम्ही माफी मागतो.'

यात दोघींची पूर्ण नावं घाल, वहीतून बघून, आणि आधी नंदगडच्या मुलीचं घाल. अंक, पान, काय चुकलं, खरं काय, जबाबदारी कुणाची. याहून जास्त लिहिलं तर सफाई वाटते. 'समज होईल असा शब्द' म्हणताना 'डंका' हा शब्द पुन्हा छापला नाही, ते लक्षात घे. चुकीचा मजकूर पुन्हा छापावा की नाही, हे त्याने कुणाला इजा होते का यावर ठरतं. तारीख चुकली असेल तर जुनी आणि नवी दोन्ही द्या, वाचकाला जागा सापडते. कुणावर कॉपी केल्याचा खोटा ठपका छापला गेला असेल, तर तो दुरुस्तीत पुन्हा उगाळायचा नाही.

बेळगाव-बेळगांवची मात्र दुरुस्ती छापू नका. ऱ्हस्व-दीर्घाचीही नको. त्या भरीला पडलात तर अर्धा अंक शुद्धिपत्रातच जाईल आणि माणसांच्या दुरुस्त्या त्यात बुडतील. माणसाचं नाव, आकडा, तारीख, पद, निकाल, कुणाच्या तोंडी घातलेलं वाक्य, एवढ्यांची छापा. आणि कुणी म्हणालं, 'मी असं बोललोच नव्हतो', तर आधी टिपणं आणि रेकॉर्डिंग काढा. चूक तुमची असेल तर दुरुस्ती. नसेल तर त्याचं म्हणणं 'खुलासा' म्हणून त्याच्या नावाने छापा. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की न केलेली चूक तुमच्या गळ्यात पडते.

छापून झालं की वहीच्या मागच्या पानावर चूक कुठल्या टप्प्यावर शिरली ते लिहा. तुमच्या पान ७ च्या तीन चुका तीन ठिकाणी शिरल्या आहेत. टिंब पानं लावताना गेलं, 'वक्तृत्व' मथळा देणाऱ्याने बातमी पूर्ण न वाचता घातलं, आणि 'डंका' सवयीने आला. म्हणून शीटवर दोन ओळी वाढतील: 'वक्तृत्व एकट्याचं, वादविवाद संघाचा' आणि 'डंका, बाजी फक्त पहिल्या क्रमांकाला'. टिंबासाठी पानं लावणाऱ्याला सांगा, मथळ्याला युनिकोडचाच जाड फाँट घे. चांगले फुकट मिळतात, मुक्ता, बालू वगैरे. मग पुन्हा टाईप करायचा प्रश्नच उरत नाही.

आणि ती चिठ्ठी नंदगडला टपालाने पाठवू नकोस. तू स्वतः जा, सोबत दुरुस्त केलेली प्रत घेऊन.

ता. क. परत येशील तेव्हा पान ११ बघ. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचा मथळा आहे, 'मराठी भाषा गौरव दीन उत्साहात'. 'दीन' हाही खराच शब्द असल्याने स्पेलचेक गप्प बसला. चिठ्ठी छापायची नाही असं मी वर म्हणाले खरं, ऱ्हस्व-दीर्घाची. पण हिचं काय करायचं, ते मलाही ठरवता येईना.